घरच्या पार्लरने ॲपवर जावं का? आधी आपली डायरी उघडा

*ताई, नमस्कार. मी मनीषनगरला राहत्या घरीच, पुढच्या खोलीत पार्लर चालवते. नऊ वर्षं झाली. एक खुर्ची, एक बेड, मदतीला कोणी नाही. सत्तरेक जणी ठरलेल्या आहेत, बहुतेक आमच्याच भागातल्या. सकाळ-संध्याकाळ काम असतं, दुपार रिकामी जाते. मागच्या आठवड्यात एका बुकिंग ॲपचा मुलगा आला होता. कमिशन 20 टक्के, पहिल्या बुकिंगला 30 टक्के सूट, जॉइनिंग फुकट, असं सांगून राहिला होता. म्हणे दुपारही भरेल. दुसरं एक ॲप आहे, त्यात घरोघरी जायचं आणि किट त्यांचंच घ्यायचं. बाजूच्या बिल्डिंगमधली माझी जुनी क्लायंट तर आत्ताच विचारते, "तू ॲपवर येणार का? मग आम्हाला पण सूट भेटेल ना?" तेव्हापासून झोप नाही. जुन्या बायका हातच्या जातील का? आणि नाही गेले तर मागे पडेन का? पोरगा रविवारपर्यंत उत्तर मागतो आहे.*
*— एक ब्यूटिशियन, मनीषनगर, नागपूर*

ताई, रविवारी त्या मुलाला ना हो म्हणा, ना नाही. "अटी लेखी पाठव, वाचून सांगते," एवढंच म्हणा. घरोघरी जाण्याच्या ॲपला मात्र आजच नकार कळवून टाका. ते काम वाईट नाही, पण ते ज्यांच्याकडे स्वतःचं पार्लर नाही त्यांच्यासाठी आहे. दर त्यांचा, सामान त्यांचं, वेळ त्यांनी दिलेली, आणि गिऱ्हाईक तर शेवटपर्यंत त्यांचंच. आज जरीपटका, उद्या वाठोडा अशी गाडी फिरवायची म्हटलं की पेट्रोल आणि येण्याजाण्याचा वेळ तुमचा जातो, आणि तेवढा वेळ तुमच्या खोलीला कुलूप. नऊ वर्षांत उभं केलेलं त्यासाठी बंद ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता घरी गिऱ्हाईक पाठवणाऱ्या ॲपचं बघू. तुमचं लक्ष 20 टक्क्यांवर आहे. माझं 30 टक्क्यांवर आहे, आणि त्याहून जास्त "पहिल्या बुकिंगला" या शब्दांवर आहे. का, ते एका कामाच्या हिशोबातून दाखवते.

फुल हँड्स, फुल लेग्स, अंडरआर्म्स आणि आयब्रो असं काम धरा, 900 रुपयांचं. वॅक्स, स्ट्रिप्स, डिस्पोजेबल शीट, कापूस, नंतरचं लोशन मिळून सामान 150 रुपयांचं. बाई थेट तुमच्याकडे आली तर हातात 750 राहतात. वीज आणि घरखर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो सोडून देते.

तीच बाई ॲपवरून आली. 30 टक्के सूट वजा जाता तिने 630 दिले. ही सूट ॲप स्वतःच्या पदरचं देतं की तुमच्या, हे त्या मुलाने सांगितलेलं दिसत नाही. बहुतेक वेळा ती पार्लरवालीच्याच माथी असते, म्हणून तसंच धरू. मग 630 वर 20 टक्के कमिशन म्हणजे 126. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी लागतो, ते आणखी साधारण 23 रुपये. तुमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे हे 23 रुपये तुम्हाला कुठूनही परत मिळत नाहीत. म्हणजे तोंडी सांगितलेलं 20 टक्के कमिशन खरं तर 23.6 टक्के पडतं. 630 मधून 149 गेले, 150 सामानाचे गेले, हातात राहिले 331.

आणि कमिशन सूट दिलेल्या रकमेवर न लावता मूळ 900 वर लावलं, तर 180 आणि त्यावरचा जीएसटी मिळून 212 रुपये जातात, मग हातात 268 राहतात. असंही करारात असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: कमिशन कुठल्या रकमेवर, सुटीआधीच्या की सुटीनंतरच्या? "वो तो मॅडम सेम ही है" असं उत्तर आलं तर तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी बोललेलं हिशोबाच्या दिवशी कोणी मानत नाही.

दुपारी खोली रिकामीच असेल, तर 331 सुद्धा शून्यापेक्षा बरेच. इथपर्यंत तो मुलगा खोटं बोलत नाही. पण हे 331 मिळाले असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा बाई खरोखर नवी असेल. तुमच्याकडे दर महिन्याला 900 देऊन जाणारी बाई ॲपवरून आली, तर तुम्हाला 331 मिळाले नाहीत, 419 गेले.

ॲपच्या लेखी "नवी" म्हणजे कोण? ज्या मोबाइल नंबरवरून त्या ॲपवर आधी बुकिंग झालेलं नाही, तो प्रत्येक नंबर नवा. नऊ वर्षं तुमच्याकडे येणारी बाजूच्या बिल्डिंगमधली बाई ॲपला कालची अनोळखी आहे. तिलाही पहिल्या बुकिंगची सूट मिळणार, आणि ती तुमच्याच पैशातून जाणार. त्यानंतर तिची मुलगी स्वतःच्या नंबरवरून घेईल, जाऊबाई तिच्या नंबरवरून घेईल. त्यात त्यांची काहीच चूक नाही. समोर 270 रुपये वाचत असतील तर तुम्ही-आम्हीही तेच करू.

दिघोरीकडच्या एका पार्लरवालीचा पहिल्या महिन्याचा ॲपचा हिशोब माझ्यासमोर आला होता. 11 बुकिंग झाली होती आणि ती खूश होती. मी तिला म्हटलं, तुमची अपॉइंटमेंटची डायरी काढा आणि एकेक नाव जुळवा. ॲपमध्ये पूर्ण नंबर दिसत नव्हते, नुसती नावं होती, पण बाई घरी येऊन गेलेली असते, चेहरा ओळखीचा असतोच. लाल पेनाने खुणा केल्या. 11 पैकी 5 जणी डायरीतल्या निघाल्या, त्यातली एक तर तिच्याच वरच्या मजल्यावरची.

तेच प्रमाण तुमच्या 900 च्या कामाला लावून बघा. 11 बुकिंगचे प्रत्येकी 481 प्रमाणे खात्यात 5,291 जमा होतील. बघायला छानच वाटतं. पण 6 नव्या जणींकडून सामान वजा जाता मिळाले 1,986, आणि 5 जुन्यांमागे 419 प्रमाणे गेले 2,095. महिन्याअखेर तुम्ही 109 रुपयांनी मागे, आणि सहा जणींचं वॅक्सिंग जास्तीचं केलं ते वेगळंच. खात्यात आलेली रक्कम हे कधीच सांगत नाही, कारण ॲपला तुमची डायरी माहीत नसते.

साधा आडाखा असा धरा: या दरांना जुन्या चार जणी ॲपवर सरकल्या, तर नुसतं होतं तिथे राहायला नव्या पाच लागतात. कमिशन मूळ रकमेवर असेल, तर जुन्या पाचांमागे नव्या नऊ.

नव्या बाईचं खरं मोल ती दुसऱ्यांदा येते तेव्हा कळतं. पुन्हा ॲपवरूनच आली तर सूट नसतानाही 900 मधून कमिशन-जीएसटीचे 212 आणि सामानाचे 150 जाऊन 538 राहतात. ॲप दरवेळी कमिशन घेतं की फक्त पहिल्या वेळी, हा दुसरा प्रश्न. फक्त पहिल्या वेळी घेत असेल, तर ते गिऱ्हाईक मिळवण्याचा एकदाचा खर्च झाला, मला तो मान्य आहे. दरवेळी घेत असेल आणि वर करारात "ॲपवरून आलेल्या ग्राहकाला थेट सेवा देऊ नये" असं कलम असेल, तर ती बाई तुमची कधी होणारच नाही.

या कलमाबाबत पार्लरमध्ये एक युक्ती सर्रास चालते: बाईच्या हातात गुपचूप कार्ड ठेवायचं, "पुढच्या वेळी डायरेक्ट फोन करा" म्हणायचं. सही केली असेल तर हे करू नका. तक्रार गेली की आयडी बंद होतो, अडकलेले पैसे सोडवायला महिने जातात, आणि शब्द देऊन मोडणं मुळातच बरं नाही. कलम मान्य नसेल तर सहीच करू नका. बाई तुमच्या घरी आलेली आहे, दारावरची पाटी वाचलेली आहे, ती आपणहून फोन करेल की नाही हा तिचा प्रश्न. पण त्या फोनलाही बंदी घालणारा करार असेल, तर तिथेच थांबा.

आता दुपारचं. तुमची दुपार रिकामी का असते, याचा विचार केला का? आपल्याकडे एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारी 12 ते 5 रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा 44-45 ला टेकलेला असताना, त्वचेला आधीच चटके बसलेले असताना, सूट आहे म्हणून कोणी वॅक्सिंगला बाहेर पडत नाही. ॲपवरून बुकिंग येतील ती सकाळी अकराच्या आधीची आणि संध्याकाळी सहाच्या नंतरची. म्हणजे ज्या वेळा तुमच्या जुन्या बायका मागतात, त्याच. लग्नसराईत संध्याकाळी 7 ची वेळ ॲपवरच्या 331 ला गेली, आणि त्याच वेळेला फोन करणाऱ्या जुनीला तुम्ही "आज नाही जमणार" म्हणालात, तर तेही नुकसानच. फक्त ते कुठल्या हिशोबात लिहिलं जात नाही.

हिवाळ्यात आणि पावसाळ्यात गोष्ट वेगळी. तेव्हा मुलं शाळेत गेल्यावर 12 ते 4 मध्ये येऊ शकणाऱ्या पुष्कळ जणी असतात. म्हणून ॲपवर जायचंच झालं तर जुलैपासून जा, आणि कॅलेंडरमध्ये फक्त मंगळवार ते गुरुवार, 12 ते 4 एवढंच उघडं ठेवा. दिवाळीचा आठवडा पूर्ण बंद ठेवा, त्या दिवसांत तुम्हाला कोणाच्या मदतीची गरज नसते. एक सवय मात्र लावावी लागेल: त्या वेळात फोनवर कोणाला अपॉइंटमेंट दिली की हातासरशी ॲपमध्ये ती वेळ बंद करायची. नाहीतर एकाच वेळी दोघी दारात येतात, एकीला परत पाठवावं लागतं, आणि तुमच्याकडून रद्द झालं म्हणून दंड आणि खालचं रेटिंग दोन्ही मिळतं. एकट्या बाईला, हाताला वॅक्स लागलेलं असताना, हे सांभाळणं सोपं नाही. मदतनीस नसताना हा भार मी मोठाच समजते.

जुन्या बायका सरकू नयेत याचा खरा उपाय ॲपवर काय ठेवायचं यात आहे. वॅक्सिंग, आयब्रो, क्लीनअप, म्हणजे तुमचं महिन्याचं ठरलेलं काम, ॲपवर ठेवूच नका. आयब्रो तर मुळीच नाही. पन्नास रुपयांच्या कामातून कमिशन देऊन काय उरणार? हेअर स्पा, डी-टॅनसकट फेशियल, पार्टी मेकअप अशी मोठ्या रकमेची, क्वचित होणारी दोन-तीन कामं ठेवा. ती तुमच्या ठरलेल्या बायका वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी घेतात, त्यामुळे त्यांच्या महिन्याच्या बिलाला धक्का लागत नाही. नवी बाई स्पासाठी येईल, तुमचा हात बघेल, खोली स्वच्छ आहे का बघेल, आणि आयब्रोसाठी कुठे जायचं ते ठरवेल. "सगळी सर्व्हिस टाकली तरच वर दिसाल," असं तो मुलगा म्हणेल. म्हणू द्या. खाली दिसलेलं परवडेल.

काही जणी ॲपवर दर 1,200 लिहून त्यावर सूट दाखवतात, म्हणजे कमिशन निघून येतं. तुम्ही ते करू नका. तुमच्या निम्म्या बायका एकाच गल्लीतल्या आहेत. दोन वेगळे दर त्यांच्या गप्पांमध्ये आले की "ही आपल्याला फसवते" एवढंच शिल्लक राहतं. उलट कमी दर दिसला तरी दुखतंच. मी ऐकलेलं वाक्य आहे हे: "आठ वर्षं येतो आम्ही, आणि नवीनला स्वस्तात?" या वाक्याला उत्तर नसतं. म्हणून त्यांचं काम तिथे दिसायलाच नको.

त्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या बाईंना आत्ताच सरळ सांगा: "ॲपवर तुमचं काम ठेवणारच नाही, काकू. सूट द्यायची तर तुम्हालाच देते. मंगळवार-बुधवारी दुपारी या, 900 चं 810 ला करते." हिशोब बघा, 810 मधून सामान गेलं की 660 राहतात. ॲपच्या 331 च्या जवळजवळ दुप्पट, आणि दुपारही भरते.

नव्या बायका आणायलाही हाच पैसा वापरता येतो. जी मैत्रिणीला घेऊन येईल तिला 100 कमी, मैत्रिणीलाही पहिल्या वेळी 100 कमी. नव्या बाईमागे 750 मधून 200 गेले तरी 550 राहिले, आणि पुढच्या वेळी पूर्ण 750. तिचा नंबर तुमच्या डायरीत, कमिशन कोणालाच नाही. शिवाय ओळखीतून आलेली बाई घरात येते तेव्हा घरच्यांनाही काळजी नसते. हे मी हलक्यात घेत नाही. ॲपवर राहत्या घराचा पूर्ण पत्ता जातो. फक्त महिलांसाठी, फक्त आधी बुकिंग करून, आणि पत्ता बुकिंग पक्कं झाल्यावरच दिसावा, या तीन गोष्टी त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

गूगलवर आपल्या पार्लरची फुकट नोंद करता येते, ती केली नसेल तर आधी ती करा. "मनीषनगर लेडीज पार्लर" असं शोधणारी बाई त्यावरून थेट तुम्हालाच फोन करते. तुमच्या जुन्या बायकांपैकी दहा-बारा जणींनी मनापासून दोन ओळी लिहिल्या, तर पुष्कळ काम होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. "ॲपवर यायला जीएसटी नंबर लागतोच," असं कोणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका. सेवा देणाऱ्यांची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर ॲपवरून काम घेतलं म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. पॅन मात्र जरूर द्या. पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि ॲपवरून वर्षाला 5 लाखांच्या आत काम झालं, तर व्यक्तीच्या पैशातून टीडीएस कापला जात नाही; पॅन-आधार नसेल तर उगाच जास्त कापला जातो.

सगळी उत्तरं लेखी आली, कमिशन सुटीनंतरच्या रकमेवर निघालं, ठरावीक कामं आणि ठरावीक वेळाच ठेवायला ते तयार झाले, आणि सूट किती द्यायची हे तुमच्या हातात राहिलं, तर तीन महिने करून बघा. "सेल" लावताना तुम्हाला न विचारता तुमचा दर उतरवू शकतात का, हे त्यात खास बघा. उतरवू शकत असतील तर बाकीच्या अटी कितीही चांगल्या असोत, नको. तीन महिने डायरीत ॲपवरून आलेल्या प्रत्येक नावापुढे लाल पेनाने "नवी" किंवा "जुनी" लिहा, आणि किती हातात राहिले तेही. खास कामंच ठेवली असतील तर जुन्यांची नावं फारशी दिसणार नाहीत. दर पाचात दोनपेक्षा जास्त जुन्या दिसायला लागल्या, की तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका.

बाहेर पडायची अट सहीच्या आधीच वाचून ठेवा. किती दिवसांची सूचना द्यायची, शेवटचे पैसे किती दिवसांत मिळणार, आणि तुमचं नाव, फोटो, पत्ता त्या पानावरून कधी निघणार. हे शेवटचं फार जणी विचारत नाहीत. नोंद तशीच राहिली तर तुमच्या नावाने शोधणाऱ्या बाईला "सध्या उपलब्ध नाही" असं दिसतं आणि खाली जवळची दुसरी पार्लरं. म्हणून बंद करताना आधी आलेली बुकिंग पूर्ण करा, पैसे खात्यात आल्याचं बघा, पान काढल्याचा मेल मागून घ्या, आणि महिन्याभराने दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून आपलं नाव एकदा शोधून बघा.